प्रवर्तकांच्या यादीतली ‘पाती’

प्रश्न : एका घरगुती पण शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीवर मराठीत टिपण लिहितोय. प्रवर्तकांच्या यादीत माणसं, हिंदू अविभक्त कुटुंब म्हणजे एचयूएफ, ट्रस्ट, प्रायव्हेट लिमिटेड अशी सरमिसळ आहे. घराच्या शाखांना ‘पाती’ म्हटलं तर चालेल का? आणि कंपन्या कोणत्या पातीत धरायच्या? (जालना)

उत्तर : ‘पाती’ खुशाल वापरा, पण माणसांपुरतीच. पोळ्याला मानाची बैलजोडी आधी कुणाची, यावरून गावात वाद पेटतो तेव्हा थोरली पाती, धाकटी पाती असं आपण म्हणतो, ते मूळ पुरुषापासून मोजून. कंपनी किंवा ट्रस्ट स्वतः पाती नसते. ती एका पातीची असते, नाहीतर सामाईक. सातबाऱ्यावरचा ‘सामाईक’ हा शब्द इथे चपखल बसतो.

‘प्रवर्तक समूह’ला मात्र ‘घराणं’ लिहू नका. सेबीच्या व्याख्येत प्रवर्तकाचा नवरा किंवा बायको आणि दोघांचेही आईवडील, भावंडं, मुलं एवढेच जवळचे नातेवाईक येतात. म्हणजे मेहुणा आत आणि सख्खा चुलतभाऊ बाहेर! चुलतभाऊ यादीत दिसला, तर तो स्वतः प्रवर्तक असतो किंवा दुसऱ्या कुणाच्या नात्याने आलेला असतो. या मंडळींचा २० टक्के किंवा जास्त हिस्सा असलेल्या कंपन्याही याच समूहात मोडतात.

माणसं लावताना आपल्या नावांची रीत कामी येते. मधलं नाव बापाचं, सुनेचं असेल तर नवऱ्याचं. त्यावरून निम्मी वंशावळ तयार होते. फसगत होते ती लेकींच्या बाबतीत. लग्नानंतर आडनाव बदललं की ती परकी वाटते आणि तिचे शेअर कुठल्याच पातीत जमा होत नाहीत. कंपनीने पहिल्यांदा शेअर विकायला काढले तेव्हाचं माहितीपत्रक काढा. त्यात प्रवर्तक समूहाच्या प्रकरणात नावापुढे नातं छापलेलं असतं. एचयूएफ कर्त्याच्या नावाने ओळखलं जातं, पण ते आजोबांच्या काळचं असेल तर त्यात दोन्ही पाती असतात, म्हणून ते सामाईक. ट्रस्टचा विश्वस्त कोण यापेक्षा लाभार्थी कोण ते बघा. घरातले शेअर ट्रस्टकडे वळवताना बाकी भागधारकांचे शेअर विकत घ्यायच्या खुल्या देकाराच्या अटीतून सूट मागितली असेल, तर सेबीच्या आदेशात ही नावं सापडतात.

वाळूजमुळे आपल्या ओळखीच्या बजाज ऑटोचीच यादी घ्या. जमनालालांचे मुलगे कमलनयन आणि रामकृष्ण. राहुल कमलनयनांचे, शेखर, मधुर, नीरज रामकृष्णांचे. ही झाली पाती. बजाज होल्डिंग्ज आणि जमनालाल सन्स मात्र यातल्या एकाच्याही नावावर टाकता येत नाहीत. बजाज होल्डिंग्ज स्वतः बाजारात नोंदलेली असल्यामुळे तिची यादी वेगळी उघडता येते, आणि तिथेही जमनालाल सन्स भेटते. दोन्ही यादीतले टक्के सरळ बेरजेत धरले की हिशेब दुप्पट होतो.

खाजगी होल्डिंग कंपनीचे भागधारक कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, तिच्या वार्षिक विवरणपत्रात (MGT-7) मिळतात. एका कंपनीची कागदपत्रं बघायला १०० रुपये पडतात. आता एक मनचा हिशेब करू. मूळ कंपनीत होल्डिंगचे ४० टक्के, थोरल्या पातीचे थेट ८, धाकट्या पातीचे थेट १२. होल्डिंगमध्ये दोन्ही पाती ४५-४५ आणि आजोबांचं एचयूएफ १०. चाळीसचे ४५ टक्के म्हणजे १८. तेव्हा थोरल्या पातीचा हिस्सा २६, धाकटीचा ३०, एचयूएफचे ४. पैशाच्या हिशेबात धाकटी पाती मोठी. पण एचयूएफच्या वतीने मत कर्ता देतो. कर्ता थोरला असेल, तर होल्डिंगमध्ये त्याच्या बाजूला ५५ टक्के होतात आणि होल्डिंगची चाळीसही मतं तो म्हणेल तिकडे पडतात. स्वतःच्या पातीचे ८ मिळवून ४८, समोर १२.

म्हणून ‘हिस्सा’ आणि ‘ताबा’ हे शब्द अदलाबदलीने वापरू नका, रकानेही वेगळे ठेवा. कर्ता बदलला की हिस्सा तसाच राहतो आणि ताबा फिरतो. तिमाही यादीत टक्के जसेच्या तसे दिसतात, त्यामुळे नुसते आकडे पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. एचयूएफच्या ओळीतलं नाव मागच्या तिमाहीशी ताडून बघा.

तुमच्या टिपणातलं वाक्य असं होईल : ‘धाकट्या पातीचा हिस्सा ३० टक्के, पण सामाईक होल्डिंगचा ताबा कर्त्यामार्फत थोरल्या पातीकडे.’