गॅप बफर की रोप: कर्सरपाशी एक अक्षर टाकायचा खर्च

प्रश्न: नागपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून टेक्स्ट एडिटर करतोय. गाईड म्हणतात रोप वापर, सीनिअर म्हणतो गॅप बफर पुरे. कर्सरपाशी अक्षर टाकायला दोघांत नेमका काय फरक पडतो?

उत्तर: गॅप बफर घ्या. मीही नागपुरातच, आयटी पार्कला असतो आणि एडिटरचा हाच भाग रोज हाताळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गॅप बफर म्हणजे एकच सलग अ‍ॅरे, मधे मोकळी जागा. समजा तुम्ही «नागपूर» लिहिताना ग विसरलात आणि «नापूर» झालं. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते, म्हणून हे १५ बाइट झाले. अ‍ॅरे २४ बाइटचा धरा. शेवटचे ९ बाइट मोकळे. आता कर्सर «ना»नंतर, म्हणजे ६व्या बाइटवर नेऊन ग दाबला. आधी «पूर»चे ९ बाइट उजव्या टोकाला सरकतात, गॅप ६ ते १५ मध्ये येते, मग ग चे ३ बाइट तिथे बसतात. पुढे तिथेच टाइप करत राहिलात तर काहीच सरकवावं लागत नाही. गॅप हलवायचा कोड एवढाच:

```c
void move_gap(Buf *b, size_t pos) {
    if (pos < b->gs) {
        size_t n = b->gs - pos;
        memmove(b->data + b->ge - n, b->data + pos, n);
        b->gs -= n;  b->ge -= n;
    } else {
        size_t n = pos - b->gs;
        memmove(b->data + b->gs, b->data + b->ge, n);
        b->gs += n;  b->ge += n;
    }
}
```

हे फंक्शन बाणाच्या कीवर बोलावू नका, प्रत्यक्ष अक्षर टाकताना किंवा खोडतानाच बोलवा. नाहीतर नुसतं फाइलभर फिरण्याचाही खर्च पडतो.

म्हणजे खर्च अक्षराचा नाही, उडीचा आहे. २० एमबीच्या फाइलच्या शेवटून सुरुवातीला येऊन अक्षर टाकलं की २० एमबी सरकणार. मेमरी सेकंदाला १० जीबी हलवते असं धरलं तर २ मिलिसेकंद. स्क्रीनची एक फ्रेम साधारण १६ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे हे जाणवतच नाही. १ जीबीच्या फाइलला मात्र १०० मिलिसेकंद लागतील, आणि ते बोटांना कळतं. ईमॅक्स इतकी वर्षं गॅप बफरवर चालतो, कारण माणूस बहुतेक वेळ एकाच जागी टाइप करतो.

खरी अडचण गॅप संपते तेव्हा येते. दरवेळी ६४ बाइट वाढवलेत तर देवनागरीत दर एकवीसेक चिन्हांनी अख्खे २० एमबी नव्या जागी कॉपी होतील. टाइप करताना ठरावीक अंतराने हिसका बसतोय असं दिसलं की आधी हेच तपासा. बफर दीडपट किंवा दुप्पट वाढवा, म्हणजे कॉपीचा खर्च पुढच्या अक्षरांवर वाटला जातो.

रोपमध्ये मजकूर छोट्या तुकड्यांत, झाडाच्या पानांत असतो. पान १ केबीचं धरलं तर २० एमबीची सुमारे २० हजार पानं होतात. एका नोडला १६ फांद्या असतील तर झाड चारेक पातळ्यांचं. अक्षर कुठेही टाका, तेवढं खाली उतरायचं, एका पानात थोडं सरकवायचं आणि वर येताना लांबीचे आकडे दुरुस्त करायचे. हाच तो O(log n). एकाच जागी टाइप करताना गॅप बफरपेक्षा हे काम जास्तच आहे, पण उडीची किंमत जवळजवळ शून्य.

हा फरक अनेक कर्सर असले की उघडा पडतो. २० एमबीत हजार कर्सर आणि एक अक्षर: वरून खाली क्रमाने टाकलंत तर गॅप बफर फाइलभर एकदाच सरकतो, २ मिलिसेकंद. क्रम विस्कळीत असेल तर प्रत्येक उडी सरासरी एक तृतीयांश फाइलची, एकूण साडेसहा जीबीच्या वर, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त. म्हणून कर्सर आधी सॉर्ट करा. रोपला क्रमाने फारसा फरक पडत नाही.

माझ्या मते रोपची खरी ताकद अक्षर टाकण्यात नाहीच. नोड न बदलता नवे बनवले, तर जुनं झाड तसंच राहतं आणि एका बदलाला फक्त त्या वाटेवरचे चार-पाच नोड नव्याने लागतात. मागे दुसरा थ्रेड जुनी प्रत सेव्ह करतोय किंवा रंग लावतोय आणि तुम्ही टाइप करताय, हे लॉक न लावता जमतं. गॅप बफरला त्यासाठी पूर्ण कॉपी तरी करावी लागते किंवा थांबावं तरी लागतं. प्रोजेक्टमध्ये असं बॅकग्राउंडचं काम असेल, तर गाईडचं म्हणणं बरोबर आहे.

व्हायवात एक्स्टर्नल विचारणारच, तेव्हा दोन वेळा मोजून ठेवा: एकाच जागी दहा हजार अक्षरं, आणि तेवढीच अक्षरं रँडम जागी. फाइल १ एमबी आणि १०० एमबी अशा दोन्ही घ्या.