बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज: क्विंटलमागे खरा खर्च किती धरायचा?

प्रश्न: सोलापूरजवळ १,००० टनी, चार चेंबरचं स्टोरेज भाड्याने घेतोय. भाडं महिना सव्वा लाख, पगार ७० हजार, लाईटबिल वर्षाला १४ लाखांच्या आसपास, विमा-दुरुस्ती-डिझेल ३ लाख. मेमध्ये ९० टक्के भरतं. इथे १५ किलोच्या पेटीला महिना ८ रुपये मिळतात. परवडेल का?

उत्तर: या दराने, फक्त बेदाण्यावर, नाही परवडणार. चूक त्या ९० टक्क्यांत आहे.

तुमचा वर्षाचा खर्च ४० लाख ४० हजार होतो. क्षमता १०,००० क्विंटल. बाराही महिने ९० टक्के भरलेलं धरलं तर क्विंटलला महिना ३७ रुपये, म्हणजे पेटीला साडेपाच-सहा रुपये पडतात आणि धंदा फायद्याचा वाटतो. पण बेदाणा मार्च ते मे या तीन महिन्यांत आत येतो आणि पुढे फक्त बाहेर जात राहतो. म्हणून भागायचं ते क्विंटल-महिन्यांनी: एक क्विंटल माल एक महिना राहिला की एक.

दर महिन्याचा सरासरी साठा असा धरून बघा. मार्च २,०००, एप्रिल ५,०००, मे ९,०००, जून ८,५००, जुलै ७,५००, ऑगस्ट ६,५००, सप्टेंबर ५,०००, ऑक्टोबर ४,०००, नोव्हेंबर २,५००, डिसेंबर १,५००, जानेवारी ५००, फेब्रुवारी शून्य. बेरीज ५२,००० क्विंटल-महिने. बाराही महिने पूर्ण भरलं असतं तर १,२०,००० झाले असते. म्हणजे वर्षाची भरती ४३ टक्के. आता ४०.४ लाख भागिले ५२,००० करा: क्विंटलला महिना ७८ रुपये, पेटीला पावणेबारा. तुम्हाला मिळणार आठ. वर्षाला साडेबारा लाखांच्या वर खड्डा.

यावर बहुतेक जण म्हणतात की माल कमी झाला की वीजही कमी लागेल. तसं फारसं होत नाही. ३५ अंशांवर आलेला एक क्विंटल बेदाणा ४ अंशांवर आणायला साधारण एक युनिटसुद्धा लागत नाही, कारण सुक्या मालात पाणी कमी असतं. बिल चढतं ते सोलापूरच्या उन्हात तापलेल्या छत-भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेमुळे, अखंड फिरणाऱ्या पंख्यांमुळे आणि दार उघडं राहिल्यामुळे. चेंबर भरलेलं असो वा चतकोर, ही उष्णता काढावीच लागते. त्यात उच्चदाब जोडणी असेल तर युनिटच्या पैशांशिवाय मागणी आकार वेगळा लागतो, म्हणजे एका वेळी ओढलेल्या सर्वाधिक विजेवरचा आकार. मेच्या भरतीत सगळे कॉम्प्रेसर एकदम चालू केले की त्या महिन्याची मागणी उंच नोंदली जाते, आणि मागच्या ११ महिन्यांतल्या उच्चांकाचा ठरावीक हिस्सा पुढच्या बिलांतही धरला जातो. ऑपरेटरला कॉम्प्रेसर टप्प्याटप्प्याने सुरू करायला सांगा.

मग खर्च कुठे कापायचा? साठा उतरून ५,००० क्विंटलवर आला की चारही चेंबर अर्धे-अर्धे चालू ठेवू नका. माल दोन चेंबरमध्ये एकवटा आणि दोन बंद करा. हमाली लागेल, पण उरलेल्या महिन्यांचा त्या दोन चेंबरचा पंखा आणि उष्णतेची गळती वाचते. अट एवढीच की शेतकऱ्याची लॉटची नोंद हलवताना तुटू नये. प्रत्येक पेटीवर लॉट नंबर हवा आणि रजिस्टरमध्ये नवी रांग लिहायलाच हवी, नाहीतर वाचलेले पैसे भांडणात जातात.

दुसरं, दर. जूनमध्ये रिकामी झालेली जागा पुन्हा बेदाण्याने भरत नाही, त्यामुळे फक्त महिन्याच्या हिशोबावर माल घेणं धोक्याचं आहे. किमान सहा महिन्यांचं भाडं आधी ठरवा. मग लवकर उचलणाराही त्याच्या जागेचा वाटा देतो. पेटी आत-बाहेर करायची हमाली वेगळीच लावा, ती महिन्याच्या दरात घुसवू नका.

चिंच आणि सुकी मिरची घेऊन भरती वाढेल असं सांगणारे भेटतील. दोन्ही माल उन्हाळ्याच्या तोंडालाच येतात, म्हणजे तुमची जागा भरलेली असतानाच. शिवाय मिरचीचा वास बेदाण्याला लागतो. डाळिंबाला ९० टक्क्यांवर आर्द्रता लागते. त्या हवेत बेदाणा ओल धरतो आणि पुठ्ठ्याची पेटी मऊ पडून थप्पी खचते. ऑक्टोबरनंतर रिकाम्या चेंबरमध्ये वेगळा माल घ्यायचा असेल तर चेंबर पूर्ण वेगळं ठेवा. तिथे ७८ रुपयांचा आग्रह धरू नका, कारण भाडं आणि पगार तसेही जाणारच आहेत. त्या चेंबरची वीज सुटून वर काही उरत असेल तरी घ्या.

आठ रुपयांतच भागवायचं तर सुमारे ७६,००० क्विंटल-महिने, म्हणजे सरासरी ६३ टक्के भरती लागते. जागामालकाकडून मागच्या १२ महिन्यांचं आवक-जावक रजिस्टर आणि लाईटबिलं मागा. प्रत्येक महिन्याची पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची शिल्लक काढून सरासरी घ्या. वर्षाची भरती ६३ टक्क्यांपर्यंतही जात नसेल तर भाडं सव्वा लाखावरून उतरवून घेतल्याशिवाय करारावर सही करू नका.