कॅमेऱ्यासमोर घसा सुकतो, नुसता आवाज पुरेल का?

"मॅडम, वर्गात मी तीस-चाळीस जणींसमोर तासभर सहज बोलते. पण मोबाईल उभा करून व्हिडिओ सुरू केला की घसा सुकतो, चेहरा आखडतो. नवीन बॅच भरायची तर सगळे म्हणतात व्हिडिओ टाका. मी नुसत्या व्हॉइस नोट टाकल्या तर चालेल, की ही पळवाट झाली?"

सांगलीत विश्रामबागेत योगवर्ग घेणाऱ्या एका बाईंनी हे विचारलं होतं. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

मी आधी त्यांना दोन-तीन गोष्टी विचारल्या. लग्नातल्या फोटोत उभ्या राहता का? भावाशी व्हिडिओ कॉलवर बोलता का? दोन्हीला त्या हो म्हणाल्या. नकोसं वाटायचं ते फक्त स्वतःचं रेकॉर्डिंग पाहताना. टाळणं असं एका जागी थांबलेलं असेल तर आवाजाचा रस्ता खुशाल धरावा. तेच टाळणं पसरत चाललं असेल, समारंभ चुकवावेसे वाटत असतील, चारचौघांत जाणं नको होत असेल, तर आधी त्या भीतीवर काम करावं लागतं.

आवाजात काय द्यायचं, हे आम्ही एका साध्या कसोटीवर ठरवलं: जे डोळे मिटून करायचं, ते आवाजात द्यायचं. शवासन, लांब श्वास, झोपण्यापूर्वी अंग सैल सोडणं. सर्वांगासनासारख्या आसनात मान कशी आहे हे शिक्षिकेला दिसलंच पाहिजे, म्हणून ते वर्गातच. भ्रामरीत एक गंमत लक्षात आली. कान बंद केल्यावर सूचना ऐकू येणार कशी? मग सगळं आधी सांगायचं आणि "आता कान बंद करून पाच वेळा करा" म्हणून नोट संपवायची, असं ठरलं.

पहिली नोट दोन मिनिटांची होती. चार आकड्यांत श्वास घ्यायचा, सहा आकड्यांत सोडायचा. सेकंदाला एक आकडा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एक काकू म्हणाल्या, "मला तर धाप लागल्यासारखं झालं." बाई घाबरल्या, आपलंच काहीतरी चुकलं असं त्यांना वाटलं. विचारपूस केल्यावर कळलं, काकूंना व्हॉट्सअॅपवरच्या लांबलचक नोट 1.5× वर ऐकायची सवय होती. त्या वेगात मिनिटाला सहाऐवजी नऊ श्वास होतात आणि चार आकडे तीन सेकंदांच्या आतच संपतात. तेव्हापासून प्रत्येक नोटच्या सुरुवातीला एक वाक्य असतं: "वेग 1× वर ठेवा. दम लागला तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या." शिवाय नुसतं आकडे म्हणत न बसता त्या स्वतः श्वास घेत रेकॉर्ड करतात. त्यामुळे मधली शांतता खरी, पुरेशी लांब येते.

खरी अडचण तिसऱ्या आठवड्यात समोर आली. एका नोटसाठी त्यांनी चौदा वेळा रेकॉर्डिंग केलं होतं. "माझा आवाज इतका पातळ आहे?" हे त्यांचं दुःख. आपण बोलतो तेव्हा स्वतःचा आवाज कानाबाहेरून येतो, तसा कवटीच्या हाडांतूनही आत पोचतो, आणि हाडांतून येणारा आवाज भरदार लागतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. शिष्यांना मात्र रोज तो 'पातळ' आवाजच ऐकू येतो, आणि त्याच आवाजावर त्या शवासनात निवांत होतात. हे ऐकून बाई थोड्या सैलावल्या.

पण समजलं म्हणून सवय जात नाही. कॅमेऱ्याची धास्ती आता आवाजावर सरकली होती, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच होती. म्हणून नियम केला: दोनच प्रयत्न, आणि त्यातला एक त्याच दिवशी पाठवायचा. पुन्हा करायचं ते फक्त सूचना चुकली तर. डाव्या नाकपुडीऐवजी उजवी म्हटलं तर पुन्हा. आवाज कापला, शब्द अडखळला तर नाही. पाठवण्याआधी भीती दहापैकी किती, हे वहीत लिहायचं आणि तासाभराने पुन्हा लिहायचं. पहिल्या दिवशी आठवर असलेली भीती तासाने पाचवर आली होती. महिन्याभराने ती सुरुवातच चारने करू लागली.

रेकॉर्डिंगच्या सोयी साध्याच होत्या. पंखा बंद, गाद्या-रजया ठेवलेली खोली, फोन तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'भ' म्हणताना फुंकर माइकवर आदळत नाही.

नव्या लोकांपर्यंत पोचायला मात्र व्हॉइस नोट एकटी कमी पडते, कारण ती ओळखीच्यांतच फिरते. इतरत्र टाकायला क्लिपसोबत एखादं चित्र लागतं. त्यांनी चटईवर टेकवलेल्या स्वतःच्या तळहातांचा एकच फोटो काढला आणि सगळ्या क्लिपना तोच लावला.

परवा त्यांची नोट ऐकली. चौथ्या श्वासाला मागून घंटागाडीचं गाणं येतं. त्यांनी ते तसंच ठेवलंय, आणि मधेच म्हटलंय, "गाडी जाऊ द्या, श्वास चालू ठेवा."