पेशी तीच, क्रियापदं तीन

*मॅडम, मी डिचोलीची, अकरावी सायन्सला आहे. पुढे बायोलॉजीतच काहीतरी करायचं आहे, नीटही देणार आहे. परवाच्या टेस्टमध्ये प्लाझ्मोलायसिसवर तीन प्रश्न होते. एकात डिस्क्राइब, एकात एक्स्प्लेन आणि शेवटच्यात कम्पेअर. मला सगळं येत होतं, तिन्हींना भरपूर लिहिलं, तरी नऊपैकी चारच मिळाले. सर म्हणतात, प्रश्न नीट वाच. मी वाचला होता. नेमकं काय वाचायचं असतं?*

प्रश्नाचं पहिलं क्रियापद वाचायचं असतं. तुझी उत्तरपत्रिका माझ्यासमोर नाही, पण अशा कितीतरी मी तपासल्या आहेत. त्यांत बहुतेक वेळा एकच उत्तर तीनदा लिहिलेलं असतं. ज्ञान सगळं बरोबर, फक्त मागितलेलं एक आणि दिलेलं दुसरं. प्रॅक्टिकलला तुम्ही ऱ्होइओच्या पानाच्या खालच्या बाजूची जांभळी साल काढता, तीच पेशी घेऊन बघू.

समजा, पहिला प्रश्न असा होता: ही साल ५ टक्के मिठाच्या द्रावणात ठेवल्यावर पेशींत होणारे बदल डिस्क्राइब करा. इथे परीक्षकाला तुझे डोळे हवे आहेत. सूक्ष्मदर्शकातून काय दिसलं, कुठे दिसलं आणि कोणत्या क्रमानं, एवढंच. सुरुवातीला जांभळा रंग पेशीभर, अगदी भिंतीला टेकलेला असतो. काही मिनिटांत तो आधी कोपऱ्यांतून सुटू लागतो. मग भिंत आणि जांभळा भाग यांच्यामध्ये रंगहीन फट दिसते आणि वाढत जाते. जांभळा भाग आकसून गोलसर होतो आणि रंग पहिल्यापेक्षा गडद दिसतो. पेशीभित्तिकेचा आकार मात्र जवळपास तसाच राहतो. तीन गुणांसाठी हे पुरेसं आहे. यात हायपरटॉनिक हा शब्द एकदाही आला नाही, तरी चालतं.

इथेच बहुतेकांचे गुण जातात. मुलं लिहितात, 'बाहेरचं द्रावण हायपरटॉनिक असल्यामुळे एक्सॉस्मॉसिस होतं आणि पेशी प्लाझ्मोलाइज होते.' वाक्य खरं आहे, पण त्यात बदल एकही नाही, नुसती नावं आहेत. कोपरे नाहीत, फट नाही, भिंत जागेवर राहिल्याचं नाही.

दुसऱ्या प्रश्नात हेच एक्स्प्लेन करायला सांगितलं असेल, तर डोळ्यांचं काम संपलं आणि कारणांचं सुरू झालं. प्राथमिक शाळा मराठीतून झालेल्या मुलांची इथे एक खास अडचण होते. आपण एक्स्प्लेनचं मराठी 'स्पष्ट करा' असं करतो आणि मग तेच वर्णन आणखी सविस्तर, आणखी सुवाच्य लिहितो. विज्ञानाच्या पेपरात त्याचं मराठी 'शास्त्रीय कारणे द्या' असं मनात धर. निम्मं काम तिथेच होतं.

कारण अशा साखळीत लिहायचं, की प्रत्येक कडी मागच्या कडीला 'म्हणून'नं जोडलेली असेल. मिठामुळे बाहेरच्या द्रावणाचा वॉटर पोटेन्शियल पेशीतल्या रसापेक्षा कमी असतो. पाणी जास्त पोटेन्शियलकडून कमीकडे जातं. पेशीपटलातून पाणी सहज जातं, पण मीठ जवळजवळ जात नाही, म्हणून पाणी बाहेर पडतं आणि मीठ आत येऊन तो फरक मिटवू शकत नाही. रिक्तिकेतलं पाणी कमी होतं, म्हणून भिंतीवरचा आतला दाब उतरत जाऊन शून्यावर येतो. त्यानंतरही पाणी जातच राहतं. भिंत ताठ असल्यामुळे ती पटलामागे आत येत नाही, म्हणून पटल तिच्यापासून सुटतं. आणि रंग गडद का झाला? जांभळं रंगद्रव्य रिक्तिकेत असतं. ते तेवढंच राहिलं आणि पाणी कमी झालं. बघ, 'रंग गडद झाला' याला पहिल्या प्रश्नात गुण आहे, 'का झाला' याला दुसऱ्यात. निरीक्षण एकच, पण दोन ठिकाणी त्याचे दोन वेगळे भाग लागतात.

तुला हे खरंच कळलंय का, हे स्वतःच तपासायला एक प्रश्न देते. त्या रंगहीन फटीत काय असतं? हवा, पोकळी, शुद्ध पाणी अशी उत्तरं येतात. तिथे बाहेरचं मिठाचं द्रावण असतं, कारण भिंतीतून मीठ आणि पाणी दोन्ही आरपार जातात. अडवतं ते पटल. भिंत आणि पटल यांतला हा फरक ज्याच्या साखळीत नाही, त्याचं एक्स्प्लेन अर्धवट राहतं.

एक सावधगिरी. घरच्या चेपणीच्या तोरांचं, म्हणजे मिठात मुरवलेल्या कोवळ्या कैऱ्यांचं, उदाहरण द्यायचा मोह होईल. मिठात घातल्यावर तोरांना पाणी सुटतं आणि ते सुरकुततात, ते याच कारणानं. पण ते सुरुवातीपुरतंच. पुढे पेशी मरतात, पटल मीठ अडवेनासं होतं आणि मीठ आत शिरतं, म्हणून तर तोर आतूनही खारट लागतो. हे उदाहरण लिहिलंस, तर ते कुठवर लागू पडतं तेही लिही.

तिसरा प्रश्न बहुधा असा असेल: ऱ्होइओची पेशी आणि माणसाची तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात ठेवली, तर काय होतं ते कम्पेअर करा. यात सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे आधी एक परिच्छेद वनस्पतीचा, मग एक रक्तपेशीचा. अशानं तुलना परीक्षकानं करायची उरते. एक मुद्दा घ्यायचा आणि त्याच वाक्यात दोन्ही पेशींबद्दल बोलायचं. दोन्हींत पाणी आत शिरतं, कारण दोन्हींना निवडक पारगम्य पटल आहे आणि दोन्हींच्या आत विद्राव्य आहेत. हे साम्य झालं. ते लिहायला मुलं विसरतात, कारण 'फरक स्पष्ट करा'ची सवय असते. डिस्टिंग्विश म्हटलं तर फक्त फरक, कम्पेअरमध्ये साम्यही शोधायचं. मग फरक: वनस्पतिपेशीत भिंत उलटा दाब देते, म्हणून पेशी टणक होऊन थांबते, तर रक्तपेशीला भिंत नाही, म्हणून ती फुगून फुटते.

रक्तपेशीत केंद्रक नसतं, हेही खरं आहे. पण या प्रश्नात त्याला गुण नाही, कारण पाण्यात काय होतं याच्याशी त्याचा संबंध नाही. तक्ता केलास तर प्रत्येक ओळीच्या आधी मुद्द्याचं नाव लिही. एका बाजूला 'भिंत आहे' आणि समोर 'केंद्रक नाही' अशी ओळ झाली, तर ती लगेच तुझ्याच नजरेत येईल.

नीटमध्ये मोठी उत्तरं लिहायची नसतात, म्हणून तिथे हे लागत नाही असं तुला वाटेल. तिथल्या असर्शन-रीझन प्रश्नांत नेमकं हेच विचारतात. हे माझंच उदाहरण बघ. असर्शन: ऱ्होइओची पेशी शुद्ध पाण्यात फुटत नाही. रीझन: तिच्यात मोठी रिक्तिका असते. दोन्ही विधानं खरी आहेत, पण दुसरं पहिल्याचं कारण नाही. न फुटण्याचं खरं कारण भिंत हे आहे. ज्यांना 'खरं आहे' आणि 'त्याचं कारण आहे' यांत फरक करता येत नाही, ते इथे 'योग्य स्पष्टीकरण' हा पर्याय निवडून मोकळे होतात.

आता ती टेस्ट काढ आणि तीन रंगांच्या पेन्सिली घे. तुझ्या उत्तरांतली दिसणारी गोष्ट एका रंगानं अधोरेखित कर, कारण दुसऱ्यानं, दोन्ही पेशी एकत्र असलेलं वाक्य तिसऱ्यानं. डिस्क्राइबखाली कारणाचाच रंग जास्त दिसला, की गेलेले गुण तुला सरांना न विचारता सापडतील. मग तीच तीन उत्तरं, प्रत्येकी पाच-सहा ओळींत, पुन्हा लिही आणि सरांना दाखव.