'डबल वाइंडिंग' की डालँडर?

"आमच्या लेथच्या दोन स्पीडच्या मोटरला सगळे 'डबल वाइंडिंग' म्हणतात, कागदावर मात्र 'डहलँडर' आहे. एकच का? मराठीत काय म्हणायचं?"

एकच नव्हे. डबल वाइंडिंग मोटरच्या खाचांत दोन स्वतंत्र गुंडाळ्या असतात. एक चालते तेव्हा दुसरी नुसती बसून असते. डालँडरमध्ये गुंडाळी एकच, बदलतो तो करंटचा रस्ता. शब्द आहे स्वीडिश इंजिनिअर रॉबर्ट डालँडर यांच्या आडनावाचा. 1897 सालची ही युक्ती. मधल्या 'ह'चा उच्चार होत नाही, म्हणून मी 'डालँडर' लिहितो.

युक्ती अशी. प्रत्येक फेजचे दोन अर्धे भाग करून मधून एक तार बाहेर काढतात. टोकांचे टर्मिनल 1U, 1V, 1W, मधल्या तारांचे 2U, 2V, 2W. कमी स्पीडला सप्लाय 1U, 1V, 1W ला, आणि 2U, 2V, 2W मोकळे. आत डेल्टा होतो, दोन्ही अर्धांतून करंट सलग एकाच दिशेने जातो. फेजचे चारही कॉइलगट उत्तर ध्रुव करतात, मग त्यांच्या मधल्या जागेत दक्षिण ध्रुव आपोआप उमटतात: 8 पोल, 50 हर्ट्झला मिनिटाला 750 फेरे. जास्त स्पीडला 1U, 1V, 1W एकत्र बांधायचे आणि सप्लाय 2U, 2V, 2W ला. आता करंट मधून शिरून दोन्हीकडे फुटतो, म्हणजे एका अर्धात उलटा वाहतो. गट उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण होतात: 4 पोल, 1500 फेरे. हाच 'डबल स्टार'. 'डबल' हा शब्द इथूनच घसरून वाइंडिंगला चिकटला असावा, असा माझा तर्क.

शब्दाचा घोळ महाग पडतो. उद्यमनगरात आमच्या पोऱ्याने पेटीत सहा टर्मिनल बघितले आणि नेहमीच्या स्टार-डेल्टा मोटरसारख्या तीन उभ्या पट्ट्या ठोकल्या. प्रत्येक फेजचा एक अर्धा भाग शॉर्ट. बटण दाबताच फ्यूज गेले. आधी मल्टीमीटर लावला असता तर कळलं असतं. साध्या सहा टर्मिनलच्या मोटरमध्ये तीन सुट्या जोड्या मिळतात, डबल वाइंडिंगमध्ये तिघा-तिघांचे दोन गट, आणि डालँडरमध्ये सहाही एकमेकांशी लागतात.

मोटर भरून आली की दोन्ही स्पीडला फिरण्याची दिशाही बघा. पोल निम्मे होताना फेजचा क्रम उलटतो, त्यामुळे वाइंडरने एका स्पीडच्या दोन तारा आदलाबदल केल्या नसतील तर चक एका स्पीडला उलटा फिरतो.

मराठीत 'ध्रुवबदल मोटर' छान, पण त्यात दोन्ही प्रकार येतात. नेमकं हवं तर 'एकगुंडाळी ध्रुवबदल'. दुकानात मात्र हा शब्द वापरलात तर समोरचा चहा मागवेल आणि मग विचारेल, म्हणजे काय? तिथे 'डालँडर' म्हणा, आणि चिठ्ठीवर '8/4 पोल, डेल्टा/डबल स्टार' लिहा. कारण पंख्याच्या डालँडरला कमी स्पीडला डेल्टाऐवजी साधा स्टार असतो, आणि तशी भरली तर लेथ कमी स्पीडला जड कट घेताना बसेल.