सायनसमधली बुरशी: आधी औषध की आधी ऑपरेशन?

वडिलांची साखर ४००च्या वर आहे आणि सायनसमध्ये म्युकरची बुरशी निघाली. डॉक्टर आजच ऑपरेशन म्हणतात. आधी इंजेक्शनं देऊन चार दिवस वाट पाहिली तर?

नको, इंजेक्शनं आणि ऑपरेशन दोन्ही एकाच वेळी लागतात. मी कान-नाक-घसा विभागात काम करतो, म्हणून कारण सांगतो. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते आणि रक्ताच्या गुठळ्यांनी त्या वाहिन्या बंद करते. पुढचा भाग रक्ताअभावी मरतो आणि काळा पडतो. औषध रक्तातूनच जातं, त्यामुळे मेलेल्या भागात ते पोचतच नाही आणि बुरशी तिथे सुखाने वाढते. म्हणून रक्त येणारा निरोगी भाग दिसेपर्यंत मेलेलं सगळं काढावं लागतं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा आत पाहून उरलेलं काढणंही नेहमीचंच. सोबत लिपोसोमल अँफोटेरिसिन बी हे बुरशी मारणारं इंजेक्शन, साधारण ५ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम. त्यात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वारंवार तपासतात, कारण हे औषध मूत्रपिंडाला जड जातं. गाल बधिर होणं, पापणी पडणं, एकाचे दोन दिसणं, टाळूवर काळा डाग यांतलं काही नव्याने दिसलं तर त्याच क्षणी सांगा, बुरशी डोळ्याकडे किंवा टाळूकडे सरकली असू शकते.

एकच अपवाद: साखर वाढल्याने रक्तात कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी झालं असेल, तर भूल देण्याआधी इन्सुलिन आणि सलाईनने ते आटोक्यात आणतात. पण ते थांबणं काही तासांचंच असतं, आणि अँफोटेरिसिन तेवढ्यातही चालूच राहतं.