वारसा आणि मृत्युपत्र: तक्ता कसा मांडावा?

प्रश्न: एलएलबीला आहे, निपाणीचा. मृत्युपत्र असताना आणि नसताना वारसा कसा जातो याचा उजळणीसाठी एक तक्ता करायचाय. साध्या घरगुती उदाहरणावर कुणी समजावेल का?

उत्तर: बेळगावच्या कोर्टात वकिली करतो. विद्यार्थी असताना मीही 'मृत्युपत्र नाही' आणि 'मृत्युपत्र आहे' असे दोन रकाने आखून बसलो होतो आणि तिथेच चुकलो होतो. त्या दोन रकान्यांच्या आधी एक रकाना लागतो: मयताचं स्वतःचं नेमकं किती होतं? मृत्युपत्र असो-नसो, पुढे जातं ते तेवढंच.

खानापूर तालुक्यातलं एक हिंदू कुटुंब धरा. वडील 2019 मध्ये वारले. मागे पत्नी, मुलगा आणि 1990 मध्ये लग्न होऊन गेलेली मुलगी. 12 एकर वडिलोपार्जित शेती, कधी वाटणी झालेली नाही. शिवाय वडिलांनी स्वकमाईतून वडगावात बांधलेलं घर. आजी-आजोबा आधीच गेलेले.

आधी शेतीची काल्पनिक वाटणी करायची, म्हणजे मरणाच्या क्षणी वडिलांनी वाटणी मागितली असती तर काय झालं असतं ते पाहायचं. वडील, मुलगा, मुलगी हे तिघे सहदायाद. आपल्याकडे जुन्या मुंबई इलाख्याची परंपरा असल्यामुळे अशा वाटणीत पत्नीलाही हिस्सा मिळतो. म्हणजे प्रत्येकी 3 एकर. वडिलांचे म्हणून पुढे जायचे ते एवढेच 3 एकर आणि घर.

| मालमत्ता | मृत्युपत्र नाही | 'सगळं मुलाला' असं मृत्युपत्र |
|---|---|---|
| शेती, 12 एकर | तिघांना 4-4 एकर | मुलगा 6, पत्नी 3, मुलगी 3 |
| घर | तिघांना 1/3 | पूर्ण मुलाला |

दुसऱ्या रकान्यात वडिलांचे 3 एकर कलम 8 आणि 10 प्रमाणे एक-एक वाटले, म्हणून 3 अधिक 1. तिसऱ्यात ते तिन्ही एकर कलम 30 मुळे मुलाकडे गेले. पण मृत्युपत्रात '12 एकर' लिहिलं म्हणून बाकीच्या 9 एकरांना धक्का लागत नाही. ते वडिलांचे नव्हतेच. पेपरात सगळ्यात जास्त चुकतं ते इथे.

ही पद्धत पक्की करायला 1978 चा गुरुपाद वि. हिराबाई हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. दावा सांगलीचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. विधवेला काल्पनिक वाटणीचा 1/4 आणि पतीच्या हिश्शातला 1/24, असे मिळून 7/24 मिळाले. तेव्हा मुली सहदायाद नव्हत्या, म्हणून आकडे वेगळे, रीत तीच.

मुलीबद्दल गावात हमखास ऐकू येतं, "94 च्या आधी लग्न झालेल्या पोरीला काय नाही." त्यालाही मूळ आहे. कर्नाटकाने 1994 मध्ये मुलींना जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. सीमेपलीकडे महाराष्ट्रातही त्याच वर्षी जवळपास असंच झालं, त्यामुळे कोल्हापूरकडचे पाहुणेही हेच सांगतात. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत लग्नाची अट राहिली नाही. 2020 मध्ये विनीता शर्मा निकालाने सांगितलं की 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असण्याचीही गरज नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटणी मोडता येत नाही.

घरापुरता एक बदल करून बघा. वडिलांची आई हयात असती तर घराचे चार हिस्से झाले असते, कारण आई पहिल्या वर्गातली वारस आहे. वडिलांचे वडील हयात असते तर त्यांना काहीच नाही. ते दुसऱ्या वर्गात. मृत्युपत्र असलं तर आईही बाहेर.

तक्त्याला आणखी एक ओळ हवी, स्त्रीच्या मालमत्तेची. मूलबाळ नसलेली विधवा शिक्षिका घ्या. स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेतलेला, माहेरी आई हयात. मृत्युपत्र न करता ती गेली तर कलम 15 प्रमाणे फ्लॅट नवऱ्याच्या वारसांना, म्हणजे दिरांपर्यंतही जाऊ शकतो. त्यांच्यापैकी कुणी असेतोवर आईचा नंबर लागत नाही. तिला वडिलांकडून वारशाने आलेली जमीन असेल तर ती मात्र वडिलांच्या वारसांकडे परत. मृत्युपत्र असतं तर आईच्या नावे एका ओळीत काम झालं असतं.

ते मृत्युपत्र टिकायला दोन साक्षीदार लागतात. दोघांनीही तिला सही करताना पाहिलेलं हवं, किंवा ही सही माझी असं तिने त्यांना सांगितलेलं हवं, आणि मग तिच्यासमोर त्यांच्या सह्या. नोंदणी सक्तीची नाही. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात कागद नोंदवलेला होता, पण दुसऱ्या साक्षीदाराची सही नंतर त्याच्या घरी जाऊन घेतलेली. उलटतपासणीत तो तसं बोलून गेला, आणि घर कलम 8 प्रमाणे वाटलं गेलं.

हे सगळं हिंदू कायद्याचं. मुस्लिम कुटुंबाचा प्रश्न आला तर तक्ता नवा आखा; तिथे वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही.